‘चटणी कशी झाली?’ हे गिऱ्हाइकाला गुगलवर लिहायला कसं सांगावं

आमचा डंक, म्हणजे मिरची कुटायची गिरणी, बेळगावात, वडगावात आहे. होळी झाली की पाऊस लागेपर्यंत दिवसभर मुसळांचा ठोका चालू असतो. कुणी संकेश्वरी मिरची आणतं, कुणी ब्याडगी, बहुतेक जण दोन्ही मिसळून. आपल्याकडं चटणी म्हणजे काय ते बेळगाव-निपाणी-खानापूरच्या माणसाला सांगायला नको. बाहेरच्या वाचकांसाठी एवढंच की ती ताटातली ओली चटणी नव्हे, वर्षभराचं कांदा-लसणाचं तिखट.

दुकानाची जाहिरात आजवर तोंडीच झाली. पण आता पोरं पुण्याहून आईला फोन करून सांगतात, "मॅपवर बघ, जवळ कुठला डंक चांगला आहे." म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्हीही गुगलवर रिव्ह्यू मागायचं ठरवलं आणि पहिल्याच झटक्यात चूक केली. आमच्या यांनी व्हॉट्सअॅप स्टेटसला टाकलं: "५ स्टार द्या, स्क्रीनशॉट दाखवा, पाव किलो चटणी फुकट." चार दिवसांत नऊ रिव्ह्यू आले. महिन्याभरात त्यातले बहुतेक दिसेनासे झाले. चटणी मात्र गेली ती गेलीच.

तो घोळ तुमचा होऊ नये म्हणून हे लिहिते आहे. आमचं उदाहरण डंकाचं आहे. तुमची पिठाची गिरणी असो, शिलाईचं दुकान असो, पायऱ्या याच.

आधी हाताशी काय हवं

- गुगलवर दुकानाचं नोंदवलेलं आणि पडताळणी झालेलं पान. पाटीवर जे नाव आहे तेच तिथं हवं.
- त्या पानाची रिव्ह्यूसाठीची थेट लिंक (कशी काढायची ते पुढं आहे).
- गिऱ्हाइकांचे नंबर लिहिलेली वही. आमच्याकडं "चटणी तयार आहे, न्यायला या" असा फोन करायला नंबर घेतोच.
- दुकानातला एक खरा फोटो. नेटवरून उचललेला नको.
- कन्नड नीट लिहिणारा एक शेजारी.

१. दुकानाची थेट लिंक काढा

"गुगलवर आमचं नाव शोधा आणि रिव्ह्यू द्या" असं सांगून भागत नाही. एकाच देवाच्या नावाची चार दुकानं गावात असतात. त्यात कुणी बेळगाव लिहितं, कुणी बेळगावी, इंग्रजीत Belgaum आणि Belagavi दोन्ही चालू. २०१४ मध्ये शहराचं सरकारी नाव बदललं, पण बोटांची सवय तीच राहिली. आमच्या एका गिऱ्हाइकानं भरभरून कौतुक लिहिलं आणि ते शहापुरातल्या दुसऱ्याच डंकाच्या पानावर गेलं. त्या डंकवाल्याला आजही कळलं नसेल की आपली चटणी अचानक एवढी का वाखाणली.

ज्या जीमेल खात्यावर दुकान नोंदवलंय, त्याच खात्यानं गुगल उघडा आणि दुकानाचं नाव शोधा. मालकाला तिथं वेगळी बटणं दिसतात. त्यात `Ask for reviews` असं बटण आहे. ते दाबलं की एक लिंक आणि एक क्यूआर कोड मिळतो. लिंक साधारण अशी दिसते:

```
https://g.page/r/.../review
```

मधल्या ठिपक्यांच्या जागी तुमच्या दुकानाची अक्षरं असतात. लिंक कॉपी करून स्वतःला पाठवून ठेवा. मग घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर ती दाबून बघा. तुमच्याच दुकानाचं नाव आणि त्याखाली रिकामे पाच तारे दिसले की लिंक बरोबर. तिथंच थांबा आणि मागं या. मालकानं, घरच्यांनी, कामावरच्या माणसांनी स्वतःच्या दुकानाला तारे द्यायचे नसतात. गुगलच्या नियमात ते बसत नाही.

२. कधी मागायचं ते ठरवा

या पायरीवर बहुतेक जण घाई करतात. गल्ल्यावर पैसे देताना गिऱ्हाईक खूश दिसतं, म्हणून लगेच फोन पुढं करायचा मोह होतो. पण त्या वेळी त्यानं चटणी खाल्लेलीच नसते. डब्याचा वास आणि रंग एवढंच त्याला ठाऊक असतं. मग तो लिहिणार काय? "छान सर्व्हिस." असल्या रिव्ह्यूचा पुढच्या माणसाला काडीचा उपयोग नाही.

आम्ही चटणी नेल्यापासून आठ-दहा दिवस थांबतो. तेवढ्यात एकदा आमटीत पडते, एकदा भाकरीबरोबर तेल घालून खाल्ली जाते, पुण्याच्या पोराला डबा पोचतो. मग माणसाकडं सांगण्यासारखं काहीतरी असतं. एका काकूंनी लिहिलं होतं, "रंग ब्याडगीचा आला, तिखटपणा संकेश्वरीचा, लसूण कच्चा लागत नाही." या एका ओळीनं आमच्याकडं जेवढी माणसं आली तेवढी दहा "छान"नी आली नसती.

तुमच्या धंद्याचा हा काळ वेगळा असेल. ब्लाऊज शिवत असाल तर पहिल्यांदा नेसून कार्यक्रम झाल्यावर विचारा, पंप दुरुस्त करत असाल तर दोन-तीन पाणी दिल्यावर. माल वापरून झालाय आणि आठवण अजून ताजी आहे, ती वेळ पकडायची.

३. कुणाला मागायचं

समाधानी गिऱ्हाईकच आपल्याला हवं असतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तरी एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. आधी खासगीत "आवडली का?" विचारायचं, हो म्हणणाऱ्याला लिंक द्यायची आणि नाही म्हणणाऱ्याला गोड बोलून बाजूला ठेवायचं, हे गुगलला चालत नाही. फक्त चांगलं लिहिणारे निवडून मागणं आणि वाईट लिहिणाऱ्याला अडवणं, दोन्ही नियमाविरुद्ध आहे. चाळण मिरचीला लावायची, गिऱ्हाइकाला नाही.

म्हणून आम्ही वहीतल्या क्रमानं सगळ्यांना पाठवतो. ज्या पाटलीणबाईंनी "मीठ जरा जास्तच झालंय की" म्हणून फोनवर झापलं होतं, त्यांनाही पाठवलं. काम बरं असेल तर खूश असलेली माणसं आपोआप जास्त निघतात.

गल्ल्यावर कुणी स्वतःहून कौतुक केलं तर तिथल्या तिथं सांगायला काहीच हरकत नाही. सासूबाईंचं वाक्य ठरलेलं आहे, "अक्का, हेच तेवढं मोबाईलवर लिवा की." कन्नड गिऱ्हाईक असलं तर आधी "चटणी ह्यांग ऐत्री?" आणि मग तेच. एवढ्या सरळ बोलण्यापुढं कुठलंच कॅप्शन टिकत नाही, पण सासूबाई सगळीकडं पुरणार नाहीत.

४. कॅप्शन लिहा

आमचं दुसरं कॅप्शन, म्हणजे फुकट चटणीच्या घोळानंतरचं, असं होतं:

> प्रिय ग्राहकहो! आमची चटणी आवडली असेल तर आम्हाला ५ स्टार रिव्ह्यू देऊन सहकार्य करावे ही नम्र विनंती. आपला एक रिव्ह्यू आमच्यासाठी लाखमोलाचा!

यात आमिष नाही, तरी तीन गोष्टी चुकल्या. "५ स्टार" आपणच ठरवून टाकले, मग गिऱ्हाइकाच्या मताला जागा कुठं राहिली? "आवडली असेल तर" म्हटल्यावर न आवडलेला गप्प बसतो, म्हणजे पुन्हा चाळणच. आणि करायचं काय, कुठं दाबायचं, हे एका शब्दानं सांगितलं नाही. पन्नाशीच्या पुढच्या मावशीला रिव्ह्यू म्हणजे काय हेच माहीत नसतं.

चौथी अडचण आम्हाला नंतर कळली. दोन-तीन बायकांनी मेसेज वाचून लिंक दाबलीच नाही. विचारल्यावर एक म्हणाली, "पोरगा सांगतोय, अनोळखी लिंक दाबू नको, बँकेतले पैसे जातात." पोरगा बरोबरच सांगत होता. म्हणून पुढच्या मेसेजमध्ये आम्ही दुकानाची खूण आणि "पैसे लागत नाहीत" हे दोन्ही घातलं. आता जे चालू आहे ते असं:

> नमस्कार. मी वडगावच्या डंकावरून सूनबाई बोलते. मागच्या आठवड्यात तुम्ही आमच्याकडं चटणी कुटून नेलीत, आभार. आता खाऊन बघितली असेल. कशी झाली ते गुगलवर दोन ओळी लिहाल का? बरं-वाईट जे वाटलं ते लिहा.
>
> १) खालची लिंक दाबा. आमच्या दुकानाचं नाव दिसेल.
> २) पाचपैकी तुम्हाला वाटतील तेवढे तारे निवडा.
> ३) खालच्या चौकोनात तुमच्या शब्दांत लिहा. मराठी, कन्नड काहीही चालेल. बोलूनही लिहिता येतं.
> ४) शेवटी `Post` दाबा.
>
> गुगलचं खातं लागतं आणि टोपणनाव ठेवलं नसेल तर खात्यावरचं नाव सगळ्यांना दिसतं. ओटीपी, पिन, पैसे काही लागत नाही. जमलं नाही तरी हरकत नाही.

खाली लिंक. बस्स.

यातली नावाची ओळ गाळू नका. पुष्कळ घरांत फोन बाईचा आणि खातं नवऱ्याचं किंवा पोराचं असतं. मावशी मन लावून लिहितात आणि नाव दिसतं पोराचं, मग घरात प्रश्न, "हे तू कधी लिहिलंस?" आधीच सांगितलं की ज्याला नाव दाखवायचं नाही तो सोडून देतो, आणि त्याचा राग आपल्यावर राहत नाही.

`Post` हा शब्द आम्ही इंग्रजीत ठेवलाय कारण आमच्या बहुतेक गिऱ्हाइकांच्या फोनवर तो तसाच दिसतो. फोन कन्नडमध्ये असला तर बटणावर दुसरी अक्षरं असतात. अशांसाठी वेगळं कन्नड कॅप्शन करा. आम्ही ते भाषांतराच्या अॅपवर टाकून बघितलं होतं. शेजारच्या बाईंनी वाचलं आणि हसतच सुटल्या. शेवटी त्यांच्याकडूनच चार ओळी लिहून घेतल्या. गिऱ्हाइकानं कुठल्याही भाषेत लिहिलं तरी वाचणाऱ्याला गुगल ते भाषांतर करून दाखवतं, त्यामुळं "मराठीतच लिहा" असा आग्रह धरू नका.

५. कुठं टाकायचं

व्हॉट्सअॅपवर एकेकाला पाठवलेला मेसेज सगळ्यात चांगला. ब्रॉडकास्ट लिस्ट सोपी वाटते, पण तुमचा नंबर ज्यानं सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो. वर्षातून एकदा येणारं गिऱ्हाईक डंकवाल्याचा नंबर कशाला सेव्ह करेल? आम्ही तासभर बसून लिस्ट केली, आणि पाचेक जणांशिवाय कुणालाच मेसेज गेला नाही.

इन्स्टाग्रामवर फोटोखालच्या कॅप्शनमध्ये लिंक टाकली तर ती नुसती अक्षरं राहतात, दाबता येत नाहीत. लिंक प्रोफाइलमध्ये घाला आणि कॅप्शनमध्ये "लिंक प्रोफाइलमध्ये आहे" असं लिहा, किंवा स्टोरीवर लिंकचं स्टिकर लावा. शिवाय तिथं कॅप्शनची सुरुवातच दिसते, बाकीचं दडलेलं असतं. म्हणून "नमस्कार, आभार" नंतर घ्या आणि पहिल्याच ओळीत "यंदा चटणी नेलीत, ती कशी झाली?" असं विचारा. फोटोत गिऱ्हाइकाचा चेहरा असेल तर आधी त्यांना विचारा. आम्ही नुसता भरलेला डबा आणि शेजारी देठ काढलेल्या मिरच्या एवढाच फोटो टाकतो.

क्यूआर कोड छापून गल्ल्याजवळ लावता येतो. आमच्याकडं तो पैसे द्यायच्या क्यूआरशेजारी लावला होता आणि एका आजोबांनी त्यावर पैसे पाठवायचा प्रयत्न केला. आता तो दाराकडं आहे, वर मोठ्या अक्षरात "पैशांसाठी नाही, मत लिहायला" असं लिहून. गिऱ्हाइकानं तो स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या खात्यानं उघडायचा. आपला फोन हातात देऊन "इथंच लिहा" म्हणू नका.

ज्याला पाठवलं त्यानं लिहिलं नाही तर आम्ही एकदाच आठवण करतो, तीही दुसऱ्या काही कामानं बोलणं झालं तरच. नंबर त्यांनी चटणी न्यायला दिलेला असतो, रोज गुड मॉर्निंग घ्यायला नाही.

६. इथं पाय घसरतो

आमिष म्हणजे फक्त रोख पैसे असं समजू नका. सवलत, फुकट माल, फुकट काम, यातलं काहीही रिव्ह्यूच्या बदल्यात देऊ केलं की ते नियमात बसत नाही. "पाच नको, कितीही तारे द्या, पण दिलेत तर दहा टक्के सूट" हेही तसंच. रिव्ह्यू टाकणाऱ्यांतून भाग्यवान विजेता काढायची आयडिया आमच्या यांना सुचली होती, तीही याच कारणानं सोडली. दिवाळीला सगळ्याच गिऱ्हाइकांना पाव किलो चटणी वाटायची तर खुशाल वाटा, फक्त तिचा रिव्ह्यूशी धागा जोडू नका.

तयार मजकूर देऊन "हेच टाका" सांगणं हाही सापळाच. पाच जणांचं एकच वाक्य वाचलं की माणसालाही संशय येतो. काय लिहावं सुचत नाही म्हणणाऱ्याला आम्ही उत्तर देत नाही, प्रश्न देतो: मिरची कुठली होती, किती किलो केली, तिखट किती झाली? पुढचं त्याचं तो लिहितो.

बाजारातल्या ओळखीच्या दुकानदारांची "तू मला दे, मी तुला देतो" ही साखळीही टाळा. ज्यानं तुमच्याकडून काही घेतलंच नाही त्याचा रिव्ह्यू खोटाच.

असलं काही पकडलं गेलं तर नुसते ते रिव्ह्यू जातात असं नाही. काही काळ पानावर नवे रिव्ह्यू घेणं बंद होऊ शकतं, जुने दाखवणं थांबवलं जाऊ शकतं, आणि या दुकानाचे खोटे रिव्ह्यू काढले आहेत अशी सूचनाही लोकांना दिसू शकते. आमच्यावर ती शेवटची वेळ आली नाही.

उलट, काही चूक नसतानाही एखादा रिव्ह्यू उशिरा दिसतो किंवा दिसतच नाही. गुगल तो आधी आपोआप तपासतं. मजकुरात फोन नंबर किंवा दुसरी लिंक असली तरी तो अडकू शकतो. एका काकांनी आमच्यावरच्या प्रेमापोटी आमचा नंबर लिहिला होता, त्यांचं तसंच झालं असावं. गिऱ्हाइकाला पुन्हापुन्हा टाकायला लावण्याआधी हे बघा.

७. आलेल्या रिव्ह्यूला उत्तर द्या

चांगल्याला एक ओळ पुरे, पण त्यांनी लिहिलेलं धरून. "लसूण तळून घेतल्यामुळं कच्चा लागत नाही, तुमच्या लक्षात आलं म्हणून बरं वाटलं" असं.

वाईटाला जास्त वेळ द्या. पाटलीणबाईंनी खरंच दोन तारे दिले, "मीठ जास्त, पुढच्या वर्षी बघू." तोवर आमच्याकडं पाचाचे आठ रिव्ह्यू होते. यांचं तोंड उतरलं. मी कागदावर मांडून दाखवलं: आठ पंचे चाळीस, त्यात दोन, बेचाळीस. भागिले नऊ, म्हणजे ४.७ च्या आसपास. सरासरी एवढीच हलली.

यांचं म्हणणं, "त्यांना फोन करून किलोभर चटणी देऊ या, काढून टाकतील." तेही चालत नाही. रिव्ह्यू बदलायला किंवा काढायला काही देऊ करणं हे आमिषच. मीठ खरंच जास्त पडलं होतं, त्या दिवशी दोन घाण्यांत माप चुकलं होतं. मी लिहिलं:

> "पाटलीणबाई, बरोबर आहे. त्या दिवशी मिठाचं माप आमच्याकडूनच चुकलं. आता प्रत्येक घाण्याला मीठ वेगळं तोलून गिऱ्हाइकाला दाखवून घालतो. उरलेल्या चटणीत बिनमिठाची मिरचीपूड मिसळली तर खारटपणा कमी होईल."

त्यांनी तारे बदलले नाहीत. यंदा मात्र मार्चमध्येच सहा किलो मिरची घेऊन आल्या, आणि मीठ पडेपर्यंत तराजूपाशी उभ्या राहिल्या.